क्यूसी ट्रेनीचा रिझ्युमे: प्रत्येक ओळीवर पुढचे तीन प्रश्न येतात

प्रश्न: यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झालो, सीजीपीए 6.8. टीवायला एटीकेटी लागल्यामुळे एक वर्ष गेलं, त्या वर्षी घरच्या आंब्याच्या धंद्यात होतो. चिपळूणजवळ राहतो. लोटे एमआयडीसीत बऱ्याच कंपन्यांना क्यूसी ट्रेनीसाठी रिझ्युमे दिला, दोन मुलाखती झाल्या. एका ठिकाणी एचपीएलसीवर विचारलं आणि मी गप्पच बसलो. दोन्हीकडे "कळवतो" म्हणाले. अनुभव नाही, इंग्रजी कच्चं आहे. रिझ्युमेत नेमकं काय बदलू?

उत्तर:

मी बरीच वर्षं केमिकल कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम केलं, पुढे ट्रेनींच्या मुलाखती घेतल्या, आणि आता आपल्याकडच्या कॉलेजांतल्या मुलांची मुलाखतीची तयारी करून घेते. त्या अनुभवावरून सांगते: ट्रेनीच्या जागेसाठी बोलावलेल्या मुलाकडे नोकरीचा अनुभव नसतो हे समोरच्याला आधीच माहीत असतं. इंग्रजीही बहुतेक वेळा आड येत नाही. खरी अडचण तुमच्याच वाक्यात आहे. "एचपीएलसीवर विचारलं आणि मी गप्प बसलो." त्यांनी तो प्रश्न बहुधा तुमच्या रिझ्युमेत तो शब्द दिसला म्हणूनच विचारला असणार. फ्रेशरला काय विचारायचं हे मुलाखत घेणारा त्याच्याच कागदावरून ठरवतो. म्हणजे मुलाखतीचे अर्धेअधिक प्रश्न आपण घरी बसून स्वतःच लिहून देत असतो.

आधी हे सांगते की सगळ्या कंपन्या एकसारख्या नाहीत. लोट्यात औषधांचा कच्चा माल करणारे कारखाने आहेत, तसे शेतीची औषधं आणि इतर रसायनं करणारेही आहेत. औषधवाल्यांकडे नोंदी कशा ठेवता यावर जास्त भर असतो, इतरांकडे हाताने टायट्रेशन नीट येतं का यावर. सांडपाण्याच्या लॅबमध्ये सीओडी, बीओडी विचारतील. त्यामुळे जाहिरातीत काय मागितलंय त्याप्रमाणे ओळींचा क्रम बदलावा लागतो. पण पाया सगळीकडे तोच.

तुमचा कागद दोन वेगवेगळी माणसं वाचतात. पहिला वाचतो एचआरमधला माणूस, आणि तो फार थोडा वेळ देतो. विषय केमिस्ट्री आहे का, कोणत्या वर्षी पास, राहायला कुठे, म्हणजे कंपनीची बस तिकडून जाते का, फोन लागतो का, एवढंच तो बघतो. हे सगळं कागदाच्या वरच्या चार ओळींत हवं. "मु. पो." पासून सुरू होणारा पूर्ण पत्ता नको. गावाचं नाव, तालुका, आणि जवळचं स्टेशन किंवा हायवेवरचा स्टॉप पुरे. दुसरा वाचतो क्यूसीचा इनचार्ज. त्याला डिग्रीत फारसा रस नसतो, कारण समोर आलेल्या सगळ्यांकडे तीच डिग्री असते. या मुलाच्या हातात ब्युरेट दिली तर काय होईल, हे तो कागदात शोधत असतो.

आता एक खरं उदाहरण. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रत्नागिरीकडच्या एका मुलीचा रिझ्युमे माझ्याकडे आला. रिझ्युमे इंग्रजीतच द्यायचा असतो, इथे मी त्यातल्या ओळी मराठीत मांडते.

आधीचा असा होता:

उद्दिष्ट: आव्हानात्मक वातावरणात माझ्या कौशल्यांचा उपयोग करून संस्थेच्या प्रगतीत योगदान देणे.
कौशल्ये: टायट्रेशन, एचपीएलसी, जीसी, यूव्ही, एमएस ऑफिस, टीमवर्क, लीडरशिप.
प्रोजेक्ट: पाण्याचे विश्लेषण.
छंद: वाचन, प्रवास, संगीत ऐकणे.

खाली वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, आणि "वरील माहिती खरी आहे" असं प्रतिज्ञापत्र. दोन पानं भरली होती.

मी तिला विचारलं, "एचपीएलसीवर काय केलंस?" ती म्हणाली, "मॅडम, कॉलेजातून इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो होतो, तिथे बघितलं." मी म्हटलं, "मग प्रोजेक्टचं सांग. कुठलं पाणी?" तेव्हा ती खुलली. त्यांच्या गावात खाडीजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली की खाऱ्या पाण्याला आत यायला वाव मिळतो. तिने सहा विहिरींचं पाणी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर असं दोनदा आणून क्लोराइड आणि कठीणता तपासली होती. हे सगळं तिने स्वतःच्या हाताने केलेलं, आणि कागदावर त्याचे शब्द किती, तर तीन. जे नुसतं लांबून पाहिलं होतं ते मात्र कौशल्यांत दुसऱ्या नंबरवर.

नंतरचा असा झाला:

प्रोजेक्ट: खाडीलगतच्या 6 विहिरींच्या पाण्यातील क्लोराइड व एकूण कठीणता, मे आणि नोव्हेंबर. क्लोराइड: मोहर पद्धत, 0.02 N सिल्व्हर नायट्रेट. कठीणता: 0.01 M ईडीटीए, पीएच 10 बफर, एरिओक्रोम ब्लॅक टी. प्रत्येक नमुन्याची 3 रीडिंग. निष्कर्षांची तुलना IS 10500 मधील मर्यादांशी.
स्वतः केलेलं: आम्ल-अल्कली, रेडॉक्स व कॉम्प्लेक्सोमेट्रिक टायट्रेशन, द्रावणं तयार करून प्रमाणित करणं, पीएच मीटरचं कॅलिब्रेशन.
देखरेखीखाली केलेलं: यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर.
पाहिलेलं, तत्त्व माहीत: एचपीएलसी.

उद्दिष्ट, छंद आणि प्रतिज्ञापत्र काढून टाकलं. धर्म आणि वैवाहिक स्थितीही काढली, त्याची कोणाला गरज नसते. सगळं एका पानात बसलं.

यातला सर्वांत कामाचा बदल म्हणजे ते तीन कप्पे: स्वतः केलेलं, देखरेखीखाली केलेलं, पाहिलेलं. मुलांना भीती वाटते की "पाहिलेलं" असं लिहिलं तर आपण कमी दिसू. होतं उलटंच. इनचार्जला माहीत असतं की एचपीएलसीसारखं महागडं मशीन बी.एस्सी.च्या मुलाच्या हातात क्वचितच येतं. तुम्ही ते यादीत नुसतं टाकलंत की तो पहिला प्रश्न त्यावरच विचारतो, आणि तुम्ही अडकलात की बाकीच्या यादीवरचाही त्याचा विश्वास उडतो. "पाहिलेलं, तत्त्व माहीत" असं लिहिलंत तर तो फार तर एवढंच विचारेल: कॉलममध्ये घटक वेगळे का होतात? मोबाइल फेज म्हणजे काय? याचं उत्तर पुस्तकातून तयार करता येतं. तुमच्या रिझ्युमेतली एचपीएलसीची ओळ आजच या कप्प्यात हलवा.

तुमचं प्रोजेक्ट झालं नसेल किंवा गटात नाव टाकण्यापुरतंच झालं असेल, तर कपाटातून प्रॅक्टिकलचं जर्नल काढा. सगळं काही लिहायचं नाही. जे प्रयोग आज कोणी सामान समोर ठेवलं तर करून दाखवाल, असे चार-पाच निवडा आणि पद्धतीच्या नावासकट लिहा. "रासायनिक विश्लेषणाचं ज्ञान" या ओळीवर कोणीही नेमका प्रश्न विचारू शकत नाही. "सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण ऑक्झॅलिक आम्लाने प्रमाणित केलं" या ओळीवर विचारू शकतो, आणि तेच आपल्याला हवं आहे.

आता मुलाखतीची तयारी. माझी पद्धत अशी की रिझ्युमेतल्या प्रत्येक ओळीवर तीन थरांचे प्रश्न काढायचे: काय केलंस, तसंच का केलंस, आणि बिघडलं तर काय करशील. ओळ तिन्ही थरांत टिकली तर ठेवायची, नाहीतर काढायची. त्या मुलीच्या क्लोराइडच्या ओळीवर आम्ही ही तयारी कशी केली ते सांगते, म्हणजे तुम्हाला आपल्या प्रयोगावर तशीच करता येईल.

पहिला थर, काय केलंस. तिचं उत्तर: 50 मिली पाणी घेतलं, पोटॅशियम क्रोमेट इंडिकेटर घातला, ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट सोडलं. आधी पांढरा साका येतो, आणि क्लोराइड संपलं की पिवळ्याची विटकरी छटा होते, तो एंड पॉइंट. एका विहिरीचं मे महिन्यातलं रीडिंग 18.6 मिली, ब्लँक 0.2 मिली. मग हिशोब:

```
(18.6 - 0.2) x 0.02 x 35450 / 50 = 260.9 mg/L
```

म्हणजे साधारण 261. IS 10500 मध्ये क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा 250 आहे आणि पाण्याचा दुसरा स्रोतच नसेल तर 1000 पर्यंत चालवून घेता येतं. त्यामुळे ही विहीर स्वीकार्य मर्यादेच्या किंचित वर, पण चालवून घेण्याच्या मर्यादेत. हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. आकडा काढून थांबणारी मुलं पुष्कळ भेटतात. तो आकडा कशाशी ताडायचा हे सांगणारी कमी, आणि क्यूसीचं रोजचं काम ताडून बघण्याचंच आहे.

दुसरा थर, का. ब्लँक कशाला वजा केलास? कारण क्लोराइड नसलेल्या पाण्यातही रंग डोळ्यांना दिसायला थोडं सिल्व्हर नायट्रेट लागतंच, ते नमुन्याच्या नावावर चढायला नको. 35450 कुठून आला? क्लोराइडचा तुल्यभार 35.45, आणि लिटरमागे मिलिग्रॅम हवे म्हणून 1000 ने गुणलं. सिल्व्हर नायट्रेट बरोबर 0.02 N आहे हे तुला कसं कळलं? इथे ती अडली. कॉलेजात द्रावण लॅब असिस्टंटने तयार करून दिलेलं होतं. मी तिला सांगितलं, तसंच सांग, आणि पुढे जोड की मला करायचं असतं तर ओव्हनमध्ये वाळवलेलं सोडियम क्लोराइड तोलून त्याच्या द्रावणाने प्रमाणित केलं असतं. केलेलं आणि माहीत असलेलं असं वेगळं करून सांगितलं की उत्तर पूर्ण होतं आणि खोटंही पडत नाही.

तिसरा थर, बिघडलं तर. पाणी आम्लधर्मी असेल तर काय होईल? क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, एंड पॉइंट उशिरा येतो आणि क्लोराइड असतं त्यापेक्षा जास्त दिसतं. फार अल्कधर्मी असेल तर चांदी ऑक्साइडच्या रूपात खाली बसते आणि तरीही रीडिंग वाढतं. म्हणून आधी पीएच बघायचा.

आणि मग तो प्रश्न, जो मी स्वतः प्रत्येक ट्रेनीला विचारायचे: "तीन रीडिंग आली. 18.6, 18.5 आणि 19.4. काय करशील?"

बहुतेक मुलं म्हणतात, "सरासरी काढीन." काही म्हणतात, "तिसरं सोडून देईन, पहिल्या दोघांची सरासरी घेईन." ज्यांना कॉलेजात रीडिंग जुळवायची सवय लागलेली असते ती म्हणतात, "तिसरं पुन्हा घेऊन 18.6 लिहीन." या तिन्ही उत्तरांवर इनचार्ज मनातल्या मनात फाइल मिटतो. त्याला ऐकायचं असतं ते असं: "19.4 हे रीडिंग मी खोडणार नाही, वहीत तसंच ठेवीन. ब्युरेटच्या टोकाशी हवेचा बुडबुडा होता का, एंड पॉइंट पुढे गेला का, नमुना नीट हलवला होता का, हे बघीन. सिनियरला सांगीन आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे पुन्हा करीन. नंतरची रीडिंगही त्याच पानावर लिहीन."

यामागचं कारण कळलं तर उत्तर पाठ करावं लागणार नाही. कंपनीत तुमच्या एका रीडिंगवर टँकर गेटबाहेर जातो किंवा थांबतो. औषधाच्या कारखान्यात तर ऑडिटर महिनोन्‌महिने जुनी वही उघडून बसतो. चूक झाली तर एक आडवी रेघ, मूळ आकडा वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही, आधी कपट्यावर लिहून मग वहीत उतरवणं नाही. टायट्रेशन महिन्याभरात शिकवता येतं. गैरसोयीचा आकडा लपवणारा माणूस मात्र लॅबला फार महागात पडतो, आणि तो कोण हे ओळखायला इनचार्जकडे मुलाखतीची पंधरा-वीस मिनिटंच असतात. म्हणून हा प्रश्न या ना त्या रूपात येतोच.

आता तुमचं एटीकेटीचं वर्ष. ते लपवू नका. मार्कशीटवर परीक्षेचा महिना आणि वर्ष असतं, कागदपत्रं तपासताना ते दिसतंच. पण रिझ्युमेत "एटीकेटी" हा शब्द लिहायचीही गरज नाही. पास झाल्याचं खरं वर्ष आणि 10 पैकी 6.8 लिहा, बस्स. त्या वर्षात काय केलं त्याची एक ओळ खाली द्या. माझ्याकडच्या एका मुलाने, तोही तुमच्यासारखाच बागायतदाराचा, आधी ते वर्ष वगळलं होतं. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून त्याने "ऑपरेशन्स मॅनेजर, मँगो एक्स्पोर्ट" असं लिहिलं. एका मुलाखतीत त्याला विचारलं, कोणत्या देशात पाठवता? माल वाशीच्या मार्केटला जात होता. नंतर आम्ही ती ओळ अशी केली:

कौटुंबिक आंबा व्यवसाय, एक हंगाम: वजनानुसार प्रतवारी, पेट्यांची रोजची नोंद, वाशी मार्केटला पाठवलेल्या मालाचा व आलेल्या पट्टीचा हिशोब जुळवणे.

सगळं खरं आहे, आणि क्यूसीच्या माणसाला त्यात प्रतवारी, नोंद, ताळमेळ हे ओळखीचं काम दिसतं. तुम्ही यातलं जे केलं असेल तेवढंच लिहा. फवारणीचं बघत असाल तर औषधाचं नाव आणि पाण्यातलं प्रमाण माहीत करून घ्या. शेतीची औषधं करणाऱ्या कंपनीत त्यावर नक्की बोलणं निघेल.

मुलाखतीत विचारलं तर दोन वाक्यांत संपवा: "टीवायला अमुक विषय राहिला, पुढच्या परीक्षेत सुटला. त्या वर्षी घरच्या बागेचं काम केलं." लांब कारणं देऊ नका, घरच्या अडचणी सांगत बसू नका. त्यानंतर एक प्रश्न येण्याची बरीच शक्यता आहे, तो आपल्याकडच्या एचआरचा नेहमीचा: "मग आता एप्रिल-मेमध्ये रजा लागणार का? गणपतीत? शिमग्याला?" लॅब शिफ्टमध्ये चालते आणि सणाला अर्धी माणसं एकदम गावी जातात, हे त्यांचं दरवर्षीचं दुखणं आहे. "अजिबात रजा घेणार नाही" यावर कोणी विश्वास ठेवत नाही. घरी आधी बोलून घ्या आणि खरं ते सांगा: हंगामाचं काम आता भाऊ बघतो, गणपतीत दोन दिवस लागतील, ते आधी सांगून घेईन आणि शिफ्ट बदलून घेईन. असं ठरवून आलेला मुलगा त्यांना आवडतो.

इंग्रजीबद्दल थोडक्यात. या भागात मुलाखत बरेचदा मराठी, हिंदी, इंग्रजी अशी मिसळून चालते, पण इनचार्ज बाहेरच्या राज्यातला असेल तर मराठीवर भागणार नाही. आपल्या प्रयोगाची पाच-सहा वाक्यं इंग्रजीत लिहून काढा, रोज मोठ्याने म्हणा, आणि अडलं की सरळ विचारा, "सर, पुढचं हिंदीत सांगू का?" लेखी इंग्रजी मात्र सुधारावंच लागेल, कारण लॅबमधल्या कामाच्या लेखी पद्धती आणि नोंदी इंग्रजीतच असतात. काही ठिकाणी एखादी पद्धत वाचायला देऊन तिचा अर्थ विचारतात. IS 10500 चं कोष्टक किंवा तुमच्या जर्नलमधली इंग्रजी कृती वाचून दुसऱ्याला मराठीत समजावून सांगायचा सराव केलात तर तोही प्रश्न सुटेल.

फाइल पीडीएफच पाठवा आणि तिला नीट नाव द्या. `resume final new(2).pdf` अशा नावाची फाइल एचआरच्या फोनमध्ये पुन्हा सापडत नाही. `BSc_Chemistry_QC_Trainee` आणि पुढे तुमचं नाव, असं ठेवा. वॉक-इनला जाताना दोन छापील प्रती, मार्कशीटच्या प्रती आणि ते जर्नल सोबत न्या. जर्नल मागतीलच असं नाही, पण मागितलं आणि त्यात तुमच्या हातच्या नोंदी दिसल्या तर बोलणं तिथूनच सुरू होतं.

शेवटी ज्या दोन कंपन्यांनी "कळवतो" सांगितलं त्यांचं. मुलाखतीला आठ-दहा दिवस होऊन गेले असतील तर एचआरला एकच मेसेज करा: अमुक तारखेला क्यूसी ट्रेनीसाठी मुलाखत झाली होती, निर्णय झाला का, सुधारलेला रिझ्युमे जोडत आहे. जिथे एचपीएलसीवर अडलात तिथे आणखी एक ओळ लिहा, की एचपीएलसी मी फक्त पाहिलं आहे, स्वतः हाताळलेलं नाही, रिझ्युमेत आता तशी दुरुस्ती केली आहे. बोलावणं आलं तर जागा कंपनीच्या पगारपत्रकावर आहे, कंत्राटदाराच्या, की अप्रेंटिसची, आणि ट्रेनिंग किती महिन्यांचं, हे पगाराच्या आकड्याआधी विचारून घ्या. नवा रिझ्युमे तयार झाला की नाव आणि फोन नंबर काढून इथे टाका, त्यातली कुठली ओळ तिसऱ्या थरात टिकत नाही ते मी बघून सांगते.